शिडाच्या कुळातला पंख

वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर यंत्रांच्या होड्या येण्याआधी ज्या होड्या होत्या, त्यांचं शीड म्हणजे एकपदरी कापड होतं. एका लांब तिरप्या वाशाला बांधलेलं, डोलकाठीवर चढवलेलं, तिकोनी. या कापडाला जाडी नव्हती. त्याची एक बाजू लांब आणि दुसरी आखूड असं काहीच नव्हतं, कारण दोन्ही बाजू एकाच धाग्याच्या होत्या. तरीही समोरून तिरका येणारा वारा धरून हे शीड होडीला वाऱ्याच्याच दिशेकडे तिरकं पुढे नेत असे.

विमानाचा पंख हवेत का टिकतो याचं शाळेत सांगितलं जाणारं उत्तर या कापडापुढे टिकत नाही. उत्तर असं असतं: पंखाची वरची बाजू फुगीर म्हणून लांब, खालची सपाट म्हणून आखूड. पुढच्या कडेला दुभंगलेल्या हवेला मागच्या कडेला पुन्हा एकत्र भेटायचं असतं, म्हणून वरची हवा घाईनं जाते, वेग वाढला की दाब घटतो आणि पंख वर ओढला जातो. यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. वेगवान हवेचा दाब कमी असतो हे बर्नुलीचं म्हणणं कोणी खोडलेलं नाही. खोटा आहे तो भेटीचा भाग. दुभंगलेल्या हवेच्या दोन कणांनी पुन्हा भेटावं असा निसर्गाचा कुठलाही नियम नाही, आणि हवेच्या बोगद्यात धुराच्या रेघा सोडून पाहिलं तर ते भेटतही नाहीत. वरून गेलेली हवा मागच्या कडेला खालच्या हवेच्या बरीच आधी पोचते. शिवाय ही भेटीची गोष्ट खरी असती तर विमानं उलटी उडू शकली नसती आणि एकपदरी शिडानं कोणतीही होडी ओढली नसती.

ही चुकीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. खरी गोष्ट तिच्यापेक्षा अवघड नाही, आणि ती शिडापासून सांगायला घेतली तर सोपीच आहे.

वारा थेट पाठीमागून येतो तेव्हा शीड फक्त अडवतं, आणि अडवलेला वारा होडीला ढकलतो. यात पंखाचा संबंध नाही. पण वारा बाजूनं किंवा तिरका पुढून येतो तेव्हा तांडेल शीड असं धरतो की त्याची पुढची कड जवळजवळ वाऱ्याच्या तोंडाशी येते. आता वारा शिडावर आदळत नाही, त्याच्या दोन्ही अंगांनी घसरत जातो आणि जाताना वळतो. वळणारी कुठलीही वस्तू वळणाच्या आतल्या बाजूला ढकलली जावी लागते, नाहीतर ती सरळच गेली असती. हवेला हे ढकलणं दाबातल्या फरकातूनच मिळतं. शिडाच्या फुगलेल्या बाहेरच्या अंगाला वळणाच्या आत शीड असतं आणि बाहेर मोकळी हवा. मोकळ्या हवेचा दाब नेहमीचा, म्हणजे शिडाजवळचा दाब त्याहून कमी असायला हवा. खोलगट अंगाला नेमकं उलट होतं. तिथे शीड वळणाच्या बाहेर येतं, म्हणून त्याच्याजवळचा दाब वाढतो. एका अंगाला कमी दाब, दुसऱ्या अंगाला जास्त, आणि कापड जास्तीकडून कमीकडे ओढलं जातं. कमी दाबाकडे धावत निघालेली हवा वेग घेते. वाढलेला वेग आणि घटलेला दाब हे असे जोडीनंच येतात, लांब वाटेमुळे नव्हे तर वळणामुळे.

हेच शीड आडवं केलं की पंख होतो. तो हवेला खाली वळवतो आणि हवा त्याला वर उचलते.

हवेनं शिडाला किंवा पंखाला चिकटून वळलंच पाहिजे असं मात्र नाही, आणि सगळी कसबाची जागा इथेच आहे. शीड फार सैल सोडलं तर त्याची पुढची कड फडफडू लागते, म्हणजे वारा वळतच नाही. फार आवळलं तर वाऱ्याशी होणारा कोन मोठा होतो, मागच्या अंगाची हवा वळण सोडून सुटते, तिथे भोवरे माजतात, आणि होडी एका बाजूला कलते पण पुढे जात नाही. पंखाचंही तसंच. वाऱ्याशी होणारा कोन वाढवत नेला की उचल वाढत जाते, पण साधारण पंधरा अंशांच्या आसपास वरची हवा पंख सोडते आणि उचल कोसळते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. स्टॉल येण्याआधी पंख बहुधा थरथरून खूण देतो.

या पंखाचं कूळ कागदोपत्री शोधत गेलं तर पहिली नोंद शिडाशीच जोडलेली सापडते, पण ती पवनचक्कीच्या शिडांची आहे. इंग्लंडच्या जॉन स्मीटन या स्थापत्यविशारदानं 1759 मध्ये पवनचक्कीच्या पात्यांवर केलेले प्रयोग मांडले, आणि त्यातून वाऱ्याचा जोर मोजायचा एक गुणांक प्रचारात आला. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं जो कोणी पंखाचा हिशेब करी तो हाच आकडा घेई. 1799 मध्ये जॉर्ज केली यांनी चांदीच्या एका चकतीवर उचल आणि रोध ही दोन बलं वेगळी काढून दाखवली. पंखानं उचलायचं आणि पुढे ढकलायचं काम दुसऱ्या कशानं तरी करायचं, ही आज साधी वाटणारी फोड त्यांनी केली, तोवर माणसं पंख फडफडवण्याच्याच मागे होती. 1884 मध्ये होरेशियो फिलिप्स यांनी वाफेच्या झोतानं हवा ओढणाऱ्या बोगद्यात वाकवलेल्या पट्ट्या तपासून त्यांची एकस्वं घेतली. सपाट फळीपेक्षा वाकलेली पट्टी जास्त उचलते हे तिथे मोजून ठरलं.

मग जर्मनीत ओटो लिलिएन्थाल. करकोच्यांचा अभ्यास करून त्यांनी 1889 मध्ये पुस्तक लिहिलं आणि 1891 पासून स्वतः टेकड्यांवरून झेपा घेतल्या, सुमारे दोन हजार. त्यांचे पंख म्हणजे वाकवलेल्या काठ्यांवर ताणलेलं कापड होतं, खरोखरचं शीडच. 9 ऑगस्ट 1896 रोजी हवेच्या झोतानं त्यांचं ग्लायडर नाक वर करून थबकलं, स्टॉल झालं आणि सुमारे पंधरा मीटरवरून कोसळलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. तोल सांभाळायला त्यांच्याकडे फक्त स्वतःचं लोंबणारं शरीर होतं, पाय पुढे-मागे करून ते ग्लायडर वळवत. स्टॉल झालेल्या पंखाला तेवढ्यानं सावरता येत नाही.

मुंबईत हा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे आणि 1895 सालची गिरगाव चौपाटी निघतेच. तळपदे हे खरे गृहस्थ होते आणि विमानाचा ध्यास त्यांना होता. पण चौपाटीवरून यंत्र उडाल्याचा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी ती कथा जोडली जाते त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये काढला. म्हणून पंखाच्या वंशावळीत मी ते नाव घालत नाही.

वंशावळीत पुढे येतात राइट बंधू. 1901 च्या त्यांच्या ग्लायडरला हिशेबापेक्षा फार कमी उचल मिळाली. त्यांनी एक लहानसा हवेचा बोगदा बांधला, दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले, आणि गोम सापडली ती स्मीटनच्या गुणांकात. तो जवळजवळ दीडपट फुगलेला होता. पवनचक्कीच्या काळातला आकडा दुरुस्त झाला, पंख लांब आणि अरुंद झाले, आणि 1902 चं ग्लायडर हिशेबाप्रमाणे उडालं. 1903 च्या डिसेंबरात त्यांचं इंजिन बसवलेलं नवं यंत्र उडालं.

त्याच 1902 साली म्युनिकमध्ये व्हिल्हेल्म कुट्टा या गणितज्ञानं पंखाच्या उचलीचं पहिलं बरोबर उत्तर काढलं. लिलिएन्थालच्या कामानंच हा प्रश्न समोर आला होता. कुट्टानं हिशेबाला घेतलेला पंख म्हणजे वर्तुळाचा एक कंस होता, शून्य जाडीचा. म्हणजे शीडच. हवा मागच्या टोकदार कडेवरून नीट सुटून गेली पाहिजे, कडेला वळसा घालून वर चढता कामा नये, एवढी अट घातली की उचल किती ते निश्चित ठरतं. 1906 मध्ये रशियात जुकोव्स्की यांनी याच मार्गानं सर्वसाधारण सूत्र दिलं. जाड पंख त्यानंतर, पहिल्या महायुद्धाच्या काळात, जर्मनीत आले. जाडीमुळे पंखाच्या पोटात मजबूत तुळई बसते, आणि गोल नाकामुळे कोन थोडा चुकला तरी हवा लगेच सुटत नाही. जाडीचं काम एवढंच. उचल वाकवण्यातून येते.

आता इंजिन काढून टाकू या.

होडीचं शीड पुढे ओढू शकतं ते तिचं बूड पाण्यात रुतलेलं असतं म्हणून. वारा बहुतेक जोर आडवा देतो, थोडासाच पुढे. आडवा जोर पाणी अडवतं आणि पुढचा उरतो. ग्लायडरला असं दुसरं माध्यम नाही, ते पूर्ण हवेतच आहे. पाण्याच्या जागी त्याच्याकडे स्वतःचं वजन आहे. ग्लायडर नेहमी किंचित उतरत्या वाटेनं चाललेलं असतं. उचल ही वाटेला काटकोनात असते, वाट खाली झुकलेली म्हणून उचल जराशी पुढे झुकते, आणि तो पुढचा अंश हवेचा रोध भागवतो. म्हणून शांत हवेत ग्लायडर सतत पडतच असतं. पंख फक्त त्या पडण्याचं लांब जाण्यात रूपांतर करतो.

एक हिशेब घेऊ. वैमानिकासह 350 किलोचं ग्लायडर, पंखांचं क्षेत्र 15 चौरस मीटर, टोकापासून टोकापर्यंत लांबीही 15 मीटर, वेग ताशी 90 किलोमीटर. दर चौरस मीटरवर सुमारे 23 किलो भार येतो. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरवर दहा हजार किलोंहून अधिक असतो. म्हणजे पंखाच्या वर आणि खाली जो दाबाचा फरक लागतो तो हवेच्या दाबाच्या साडेचारशेव्या हिश्शाइतका. एवढ्याशा फरकावर माणूस आणि यंत्र तोलून धरलं जातं. दुसऱ्या बाजूनं मोजलं तर असा पंख दर सेकंदाला पाचेक टन हवा ताशी दोन-अडीच किलोमीटर इतक्या संथ वेगानं खाली लोटतो. ग्लायडरचे पंख इतके लांब का, याचं उत्तर इथे आहे. पंख निम्मा लांब केला तर हाती लागणारी हवा चौथा हिस्सा होते, तिला चौपट वेगानं लोटावं लागतं आणि त्यासाठी चौपट शक्ती जाते. पुष्कळ हवा हळू ढकलणं स्वस्त पडतं.

असं ग्लायडर एक मीटर उतरताना तीस मीटर पुढे जातं असं धरू. मधल्या प्रतीच्या ग्लायडरला हे जमतं. मग ते सेकंदाला सुमारे 83 सेंटिमीटर उतरतं. लागणारी शक्ती जेमतेम चार अश्वशक्ती, आणि ती उंचीच्या खात्यातून खर्च होते. 300 मीटरवरून सोडलं तर सहा मिनिटांत नऊ किलोमीटर जाऊन ते जमिनीला टेकेल. पंखाकडून यापेक्षा जास्त मिळणार नाही.

उरलेलं सगळं हवेकडून येतं. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून सावकाश खाली उतरणारा माणूस शेवटी वरच्या मजल्यावर पोचतो, तसं ग्लायडर आपल्या हवेतून खाली उतरत असतं आणि ती हवा त्याला घेऊन वर चढत असते. हवा सेकंदाला दोन मीटर चढत असेल तर आपलं ग्लायडर 83 सेंटिमीटर वजा जाता सेकंदाला सव्वा मीटरच्या जरा आत, म्हणजे मिनिटाला सत्तर मीटर वर जाईल.

हवा वर का जाते याच्या शोधात भारताचा वाटा मोठा आहे, आणि तो घारी-गिधाडांमुळे. आग्र्याला अर्नेस्ट हँकिन हे जंतुशास्त्रज्ञ होते, कॉलऱ्यावरच्या कामासाठी ओळखले जाणारे. त्यांनी वर्षानुवर्षं घारी आणि गिधाडं पाहून 1913 मध्ये प्राण्यांच्या उड्डाणावर पुस्तक काढलं. सकाळी ऊन चढू लागलं की हलक्या घारी आधी पंख न हलवता घिरट्या घालू लागतात, जड गिधाडं नंतर, हे त्यांनी नोंदवलं. कारणाची उकल मात्र त्यांच्याकडून झाली नाही. ते काम भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी पुढे नेलं. मोसमी पावसाच्या अंदाजासाठी जगभरचे आकडे धुंडाळणारे हे गणिती पक्ष्यांच्या उड्डाणातही रमलेले होते, आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवाच पक्ष्यांना तोलते हे त्यांनी हवामानशास्त्राच्या भाषेत मांडलं. पंखांच्या मानानं जितकं वजन जास्त, तितकी पक्ष्याची उतरण वेगानं, आणि तितका जोरदार प्रवाह त्याला लागतो. घार आधी आणि गिधाड नंतर, हा क्रम असा सुटतो.

वरळी किल्ल्याच्या आसपास दुपारी पाहिलं तर घारींचं वागणं यापेक्षा वेगळं दिसतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. पहाटे जमीन समुद्रापेक्षा गार असते, तेव्हा मतलई वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो. शिडाच्या होड्या याच वाऱ्यावर बाहेर पडत. ऊन चढलं की उलटा खारा वारा सुटतो आणि होड्या त्यावर घरी येत. हा खारा वारा समुद्रावरून आलेला, खालून गार, जड असतो. तो किनाऱ्यावर पसरला की तापून उठणारे हवेचे स्तंभ, ज्यांना थर्मल म्हणतात, तिथे मरतात. भर दर्यावर तर दिवसा ते फारसे नसतातच. म्हणून किनाऱ्यावरची घार दुपारी गोल फिरण्यापेक्षा वाऱ्याकडे तोंड करून एका रेषेत येरझारा घालताना जास्त दिसते. खाऱ्या वाऱ्याला टेकाड, किल्ल्याची भिंत, आता उंच इमारतींच्या ओळी आडव्या येतात, त्याला वर चढावं लागतं, आणि अडथळ्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला एक अरुंद चढता पट्टा तयार होतो. घार त्या पट्ट्यात राहते. त्याच अडथळ्याच्या मागच्या बाजूला हवा कोसळते आणि घुसळते, तिथे तिला पंख मारावेच लागतात.

माणसंही हीच पायरी आधी चढली. 24 ऑक्टोबर 1911 रोजी ऑर्व्हिल राइट वाळूच्या टेकडीवर वाऱ्याला तोंड देत पावणेदहा मिनिटं इंजिनाशिवाय टिकले, आणि तो विक्रम सुमारे दहा वर्षं टिकला. 1922 मध्ये जर्मनीतल्या वासरकुप्पे डोंगरावर हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ग्लायडरवर आधी एक तास, मग तीन तास झाले. पण ही सगळी उड्डाणं डोंगराला बांधलेली होती. वैमानिकाला हवा चढते आहे की पडते आहे ते डोळ्यांनी कळत नाही, आणि शरीराला फक्त धक्का जाणवतो, पुढची स्थिर चाल नाही. 1928 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट क्रोनफेल्ड यांनी व्हेरिओमीटर सोबत नेलं. बंद बाटलीतली हवा आणि बाहेरची हवा यांच्यातल्या प्रवाहावरून ते चढ-उतार दाखवतं. आता डोंगर सोडून एका थर्मलमधून दुसऱ्यात जाता येऊ लागलं.

आपल्याकडे हे शिकण्याची जागा किनाऱ्यावर न होता पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये झाली. हवेच्या दृष्टीनं ते अगदी योग्य आहे. पठारावर जमीन तापते आणि सह्याद्री ओलांडून खाऱ्या वाऱ्याचा गारवा तिथे पोचेपर्यंत दिवस कललेला असतो. स्वातंत्र्यानंतर नागरी विमान वाहतूक खात्यानं देशी ग्लायडर बांधली तेव्हा त्यांना नक्षत्रांवरून नावं दिली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर. विंचच्या दोरानं ग्लायडर ओढून वर नेतात, दोर सुटतो आणि वर सांगितलेला सहा मिनिटांचा हिशेब सुरू होतो. या सहा मिनिटांत थर्मल सापडला पाहिजे. नांगरलेलं कोरडं शेत, खडकाळ माळ, पत्र्यांची छपरं यांच्यावर शोधायचं, वर नुकताच आकार घेणारा पांढरा ढग दिसला की त्याच्या खाली जायचं. धक्का बसला आणि व्हेरिओमीटरचा काटा वर गेला की दोन-तीन सेकंद थांबून वळायचं. धक्का लागताच वळलं तर स्तंभाच्या काठावरच गोल पडतो, आणि काठाबाहेर हवा खाली येत असते. वळताना उचल तिरकी होते, म्हणून तेच वजन पेलायला कोन वाढवावा लागतो, स्टॉल जवळ येतो आणि उतरणही वाढते. वेग थोडा जास्त ठेवूनच वळायचं हा नियम त्यामुळे आहे. कमी उंचीवर, थर्मल निसटतोय म्हणून नाक ओढत वळत राहणं हा ग्लायडरच्या अपघातांचा जुना मार्ग आहे. एका अंगाचा पंख आधी स्टॉल होतो आणि यंत्र गिरक्या घेत खाली येतं. लिलिएन्थालच्या वेळेसारखंच सावरायला उंची उरत नाही.

म्हणून परतीचा हिशेब नेहमी आधी करायचा असतो. हजार मीटर उंचीवर आपलं ग्लायडर कागदावर तीस किलोमीटर जाऊ शकतं. समोरून ताशी 25 किलोमीटर वारा असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग 90 ऐवजी 65 राहतो, आणि तीसाचे बावीसही होत नाहीत. वाटेत सेकंदाला 83 सेंटिमीटर पडणाऱ्या हवेचा पट्टा लागला तर उतरण दुप्पट होते आणि तेवढ्या वाटेत उंची दुपटीनं खर्च होते. धावपट्टीवर पोचल्यावर एक फेरी घालून उतरायला दोनशे मीटर तरी शिल्लक हवेत. हे सगळं वजा केलं की हजार मीटरवरच्या शहाण्या वैमानिकाच्या हाती दहा-पंधरा किलोमीटर उरतात, आणि तेवढ्या अंतरात पुढचा थर्मल दिसत नसेल तर तो तिथूनच परत वळतो.